प्रवर्ग निवडा

टाकवे बुद्रुकला हंगाम दोन. एक भाताचा, दुसरा फॉर्मचा. भाताचा हंगाम आभाळाच्या मर्जीवर आणि फॉर्मचा सर्व्हरच्या. आभाळाचा निदान अंदाज तरी सांगतात. जानेवारी उजाडला की आंदर मावळातली, म्हणजे खांडी, वडेश्वर, माळेगाव इकडची बारावीची पोरं टाकव्याला उतरतात आणि सेवा केंद्राच्या बाकावर ओळीनं बसतात. घरच्या मोबाईलवर फॉर्म भरता येत नाही असं नाही. पण घरी रेंज गोठ्याच्या पत्र्याजवळ आणि चार्जिंग स्वयंपाकघरात. ओटीपी येतो तो दहा मिनिटांनी, तेवढ्यात पान मुदत संपली म्हणून बाहेर फेकून देतं.

फॉर्म भरायला मुलगा एकटा कधीच येत नाही. सोबत बाप असतो, कागदांची पिशवी धरून. एक चुलता असतो, त्याला पुण्याला जायचं असतं म्हणून घाई असते. आणि एक अनुभवी असतो. अनुभवी म्हणजे गेल्या वर्षी ज्यानं स्वतःचा फॉर्म भरला तो. सगळ्यात जपून राहायचं ते याच्यापासून. त्याला परीक्षेत काय मिळालं हे कुणी विचारत नाही. त्यानं फॉर्म भरला, एवढ्या पुण्याईवर तो पुढं सरकून माऊसशेजारी उभा राहतो. मी तिथं असतो तो इंग्रजी वाचून सांगणारा गुरुजी म्हणून. निवृत्तीनंतर माणसाला कुठंतरी बसावं लागतंच.

आता खरी गोष्ट. एक मुलगा आला, धनगर समाजाचा, जीवशास्त्र घेतलेला, डॉक्टर व्हायचं म्हणणारा. त्याचे फॉर्म दोन. एक राज्याच्या सीईटी सेलचा, म्हणजे एमएचटी-सीईटीचा. दुसरा नीटचा, तो दिल्लीहून एनटीए काढते. सीईटीचा फॉर्म उघडला. प्रवर्गाच्या रकान्यात `-- Select --` लिहिलेलं होतं. दाबल्यावर यादी उलगडली: एससी, एसटी, व्हीजे-ए, एनटी-बी, एनटी-सी, एनटी-डी, ओबीसी, एसबीसी, एसईबीसी. बापाचं बोट आपोआप एनटी-सीवर गेलं. बरोबर. राज्यात धनगर भटक्या जमाती क, आरक्षण साडेतीन टक्के. २०२४ ला सीईटीचं शुल्क एका गटाला खुल्या प्रवर्गासाठी १००० आणि मागासवर्गीयांसाठी ८०० होतं, तेव्हा दोनशे वाचले म्हणून बाप खूश झाला.

मग नीटचा फॉर्म उघडला. प्रवर्गाची यादी उलगडली आणि पाच ओळींत संपली. जनरल, जनरल-ईडब्ल्यूएस, ओबीसी-एनसीएल, एससी, एसटी. बापानं यादी वर केली, खाली केली, चष्मा पुसला.

"गुरुजी, एनटी-सी कुठं गेलं?"

"दिल्लीला एनटी-सी नसतं, आबा."

"मग आम्ही दिल्लीला कोण?"

हा प्रश्न एखाद्या परिसंवादाला पुरेल. पण अनुभवी थांबतो कुठं. तो म्हणाला, "नाव नाही म्हणजे जनरल." चुलत्याचं मत पडलं, "एनटी म्हणजे जमात, जमात म्हणजे एसटी, टाक एसटी." धनगर समाजाची एसटीची मागणी जुनी आहे, पण ती अर्जाच्या रकान्यात बसून मंजूर करायचा अधिकार टाकव्याच्या सेवा केंद्राला अजून मिळालेला नाही.

उत्तर तिसरंच आहे. एनटी, व्हीजे ही राज्याची खाती. केंद्राला ती ठाऊक नाहीत. केंद्राकडे इतर मागासवर्गीयांची स्वतःची एक यादी आहे, राज्यवार. महाराष्ट्राच्या यादीत धनगर आहे, वंजारीही आहे. म्हणजे राज्यात एनटी-सी असलेला हाच मुलगा नीटच्या फॉर्ममध्ये ओबीसी-एनसीएल. मात्र दोन्ही याद्या तंतोतंत सारख्या नाहीत. राज्याच्या यादीतली काही नावं केंद्राच्या यादीत सापडत नाहीत. म्हणून अंदाजानं न ठरवता केंद्राच्या यादीत आपल्या जातीचं नाव वाचून घ्यायचं, आणि मगच रकान्याला हात लावायचा.

एवढ्यावर भागत नाही. दाखलाही वेगळा. पिशवीतला एनटी-सीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर राज्याच्या नमुन्यात असतात. ऑल इंडिया कोट्याच्या प्रवेशाला त्या नमुन्याचा उपयोग नाही. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला तालुक्याच्या गावी, वडगावला जाऊन वेगळा काढावा लागतो, आणि त्यावर जात केंद्राच्या यादीत असल्याचं आणि क्रिमीलेअरमध्ये येत नसल्याचं लिहिलेलं असावं लागतं. बापानं हे ऐकलं आणि पिशवीकडे बघून म्हणाला, "एकाच पोराचे दोन दाखले? जात एकच आहे हो आमची." जात एकच. सरकारं दोन आहेत.

आता चुकीची किंमत बघू, कारण अनुभवीचं म्हणणं होतं, "टाक जनरल, जास्तीत जास्त शंभर रुपये जातील." हिशेब वरवर खरा. २०२५ च्या नीटला जनरलचं शुल्क १७०० आणि ओबीसी-एनसीएलचं १६०० होतं. शंभराचा फरक. पण शंभर रुपये ही नुसती पावतीवरची चूक. खरी चूक पुढं दिसते.

समजा एका सरकारी मेडिकल कॉलेजात २०० जागा आहेत. त्यातल्या पंधरा टक्के, म्हणजे ३० जागा ऑल इंडिया कोट्यात जातात. २०२१-२२ पासून त्या कोट्यात ओबीसीला २७ टक्के आहेत. ३० चे झाले आठ. उरलेल्या १७० जागा राज्याच्या, तिथं एनटी-सीचे साडेतीन टक्के म्हणजे सहाच्या आसपास. राज्याचा प्रवेशाचा फॉर्म सीईटी सेल वेगळा भरून घेते आणि त्यात एनटी-सी पुन्हा विचारतात. त्यामुळे नीटला जनरल टाकलं तरी राज्यातल्या त्या सहा जागांवरचा हक्क शाबूत राहतो. गेल्या त्या दुसऱ्या आठ. आणि तशाच ओबीसीच्या जागा देशातल्या प्रत्येक सरकारी कॉलेजातल्या, एम्ससकट. कारण ओबीसी म्हणून मिळणारा क्रमांकच निकालाच्या कागदावर नसतो. मुलगा जनरलच्या रांगेत उभा राहतो, आणि त्या रांगेत कोटा शहर आख्खं उभं असतं.

उलटी चूकही बघितली पाहिजे, कारण ती जास्त गोड असते. दाखला नाही, काढायचा विचारही नाही, पण फॉर्ममध्ये ओबीसी टाकून ठेवू, शंभर तर वाचतील. निकालावर ओबीसीचा सुंदर क्रमांक येतो, पेढे वाटतात, कॉलेज मिळतं, आणि कागद तपासायच्या टेबलावर केंद्राच्या नमुन्यातला दाखला मागतात. तिथं राज्याचा दाखला पुढं केला की समोरचा माणूस तो उलटसुलट बघून परत देतो. जागा जाते. पेढ्यांचे पैसेही परत मिळत नाहीत.

चूक लक्षात आली तर दुरुस्तीची खिडकी असते. पण ती खिडकी टाकव्याच्या एसटीसारखी. येते ती ठरलेल्या वेळी, आणि हात दाखवला म्हणून थांबत नाही. २०२५ ला नीटच्या दुरुस्तीला ९ ते ११ मार्च असे तीन दिवस होते, आणि ९ मार्चला रविवार. दुरुस्ती एकदाच करायची, पुन्हा उघडत नाही. प्रवर्ग बदलता येतो. बदलल्यामुळे शुल्क वाढलं तर फरक भरावा लागतो. कमी झालं तर फरक परत मिळत नाही. व्यवहार एकाच बाजूनं चोख आहे. मोबाईल नंबर आणि ईमेल मात्र बदलत नाही, आणि इथं सेवा केंद्रवाल्याचाच नंबर टाकलेली पोरं निघतात. पुढं सगळे ओटीपी त्याच्याकडे येतात, आणि त्याच्या आत्येभावाचं लग्न नेमकं त्याच दिवशी असतं.

धनगराच्या पोराचं निदान उत्तर एक तरी आहे. मराठा घरात गेलात तर तिथं इतिहासाचा तासच सुरू होतो. एका घरातले तीन भाऊ सांगतो. थोरला २०१९ ला प्रवेशाला होता, तेव्हा २०१८ च्या कायद्यानं मराठा समाज एसईबीसी होता, तो एसईबीसी. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला, त्या वर्षी मधला प्रवेशाला आला, तो ईडब्ल्यूएस. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहा टक्क्यांचा नवा कायदा आला, आणि धाकटा पुन्हा एसईबीसी. त्यात चुलत घरात कुणाच्या पणजोबाची कुणबी नोंद सापडलेली. तो चुलतभाऊ ओबीसी. चौघं एकाच सातबाऱ्यावर आहेत, दिवाळीला एका ताटात जेवतात, आणि फॉर्मसाठी चौघांचे वर्ग तीन.

यातलं महत्त्वाचं एवढंच, की थोरल्या भावाचा फॉर्म बघून धाकट्याचा भरायचा नाही. कायदा बदलला की रकाना बदलतो. आणि धाकट्याचा एसईबीसी नीटच्या फॉर्ममध्ये कुठंच नाही. केंद्राला तो जनरल. बसत असेल तर जनरल-ईडब्ल्यूएस. बसतो की नाही, हे मात्र नुसत्या उत्पन्नावर ठरत नाही. केंद्राच्या ईडब्ल्यूएसला वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, शिवाय कुटुंबाकडे पाच एकर किंवा जास्त शेतजमीन नको. त्यांच्या लेखी कुटुंब म्हणजे मुलगा, आईबाप आणि अठराच्या आतली भावंडं. चुलते त्यात येत नाहीत. आमच्याकडे एका सातबाऱ्यावर चौदा नावं असतात, त्यातली पाच वारलेली, दोन मुंबईला. त्यातलं ह्या बापाचं क्षेत्र किती, हे विचारलं की दोन चुलते एकदम बोलायला लागतात आणि फॉर्म बाजूला राहून वाटणी निघते. वाटणीचा निकाल लागेपर्यंत नीटचे तीन पेपर होऊन जातील.

ठाकर आणि कातकरी पोरांचा रकाना सगळ्यात सोपा. राज्यात एसटी, केंद्रात एसटी, एका दाबात काम. ते अडतात पुढं, पडताळणीच्या टेबलावर. तिथं १९५० पूर्वीचा कागद मागतात, आजोबांच्या शाळेचा वगैरे. आजोबांच्या वेळी वाडीत शाळा नव्हती, हे कुणाच्या शिक्क्यानिशी लिहून आणायचं, त्याचा नमुना अजून निघायचा आहे. एनटीसाठी हीच तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्या घरात लग्नाची तारीख पंचांगात शोधावी लागते, तिथं ह्या तारखा पाठ असतात.

प्रवर्ग झाला की विषयाचे आकडे. बारावीच्या पोराला वाटतं, विषयाला नाव असतं. बोर्डाला ते मान्य नाही. बोर्डाच्या लेखी फिजिक्स ५४, केमिस्ट्री ५५, बायॉलॉजी ५६. गणित दोन आहेत: विज्ञान आणि कला शाखेचं ४०, वाणिज्यचं ८८. कॉलेजातून बोर्डाचा फॉर्म गेल्यावर प्रीलिस्ट येते आणि सर सही करायला लावतात. पोरं त्यात आपला फोटो कसा आलाय ते बघून सही करतात. ४० च्या जागी ८८ पडलेलं असलं तर हॉल तिकिटावर वाणिज्यचं गणित येतं, आणि इंजिनीअर व्हायला निघालेला मुलगा हिशेबनीसाच्या पेपराला बसायच्या तयारीत असतो. वेळेत कळलं तर कॉलेज बोर्डाला कळवून दुरुस्त करतं. वेळेत म्हणजे सही करायच्या आधी. नंतर कॉलेज, बोर्ड आणि बाप असा त्रिकोण तयार होतो, त्याची भूमिती ४० मध्येही शिकवत नाहीत.

गंमत अशी, की एका परीक्षेचा आकडा दुसरीकडे चालत नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं मराठीत एमए केलं. प्राध्यापकीसाठी नेट द्यायची होती. नेटमध्ये मराठीचा आकडा ३८. ती दचकली, कारण बारावीला ३८ म्हणजे इतिहास. बारावीला मराठीचा आकडा ०२; तो नेटला घेतला तर राज्यशास्त्र हातात पडतं. म्हणून पाठ केलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. त्याच परीक्षेच्या माहितीपुस्तिकेत, त्याच वर्षीच्या, आकडा आणि नाव शेजारी शेजारी बघायचं.

तिनं तसं बघितलं, ३८ मराठी निवडलं, आणि वरचा रकाना पुन्हा बघायला माऊसचं चाक फिरवलं. इथं जरा थांबायला हवं, कारण असे घात चाकाच्याच हातून होतात. यादीतून पर्याय निवडला, तरी तो रकाना निळा होऊन जागाच राहतो. अशा वेळी पान वर किंवा खाली न्यायला चाक फिरवलं, की कित्येकदा पान हलत नाही, पर्याय हलतो. वर्णमालेत मराठीच्या वर मणिपुरी बसलेली. चाकाला एक बारीक टिचकी, आणि टाकव्याची मुलगी इंफाळची झाली. तिच्या लक्षात आलं ते फॉर्मचं अखेरचं पान वाचताना, जिथं सगळं पुन्हा एकदा दिसतं. न वाचता पुढं गेली असती तर परीक्षेच्या दिवशी पडद्यावर आलेली लिपी ओळखण्यातच पहिला तास गेला असता. उपाय सोपा आहे: पर्याय निवडला की पानावर कुठंतरी रिकाम्या जागी एकदा टिचकी मारायची, मगच चाकाला हात. प्रवर्गाच्या यादीलाही हाच रोग आहे. तिथं एनटी-सीच्या खाली एनटी-डी आहे, आणि दोन्हींत अंतर अर्ध्या नखाचं.

अखेरच्या पानाचं म्हणाल तर ते कुणी वाचत नाही. सगळे मुलाचं नाव बघतात आणि खाली खूण करतात, की वरील माहिती मी वाचली आहे. वाचायचे खरे पाच रकाने: दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे तसं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, आणि परीक्षेचा गट किंवा विषय. मुलानं वाचायचे आणि बापानं कागद धरून पडताळायचे. एकट्यानं वाचलं तर डोळ्याला पाहिजे तेच दिसतं.

तारखांचं एक सांगून ठेवतो. राज्याच्या नॉन क्रिमीलेअरची मुदत त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते, आणि प्रवेश होतात त्यानंतर. ते वर्ष हेच असेल तर मार्चमध्ये फॉर्म भरताना जो दाखला ताजा असतो तो प्रवेशाच्या वेळी शिळा झालेला असतो. मग नव्या दाखल्याचा अर्ज एप्रिलमध्ये लगेच टाकायचा. पूर्वीच्या वर्षांत अर्ज केल्याच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळालेला आहे, पण ठरलेल्या दिवसाच्या आत मूळ दाखला आला नाही तर मुलाला खुल्या प्रवर्गात ढकलतात. जागाही जाते आणि फीची सवलतही.

त्या धनगराच्या मुलाचा सीईटीचा फॉर्म मग पुढं सरकला. गट विचारला: पीसीएम की पीसीबी. अनुभवी म्हणाला, दोन्ही टाक. बापालाही ते पटलं. जमीन पडीक ठेवायची नाही हा त्याचा स्वभावच. दोन्ही टाकले तर दोन पेपर आणि शुल्क दुप्पट. मुलगा पहिल्यांदाच बोलला, "बापू, मी बारावीला गणित घेतलंच नाही." म्हणजे इंजिनीअरिंगचा दरवाजा अकरावीतच लागलेला होता, पीसीएमनं तो उघडणार नव्हता. बीफार्मसीला पीसीबी चालतं, आणि नीट हुकली तर मुलाचा विचार तोच होता. पीसीबी टाकलं. आठशे रुपये बापाच्या फोनवरून दिले.

फोनवर पैसे गेल्याचा आवाज झाला. पडद्यावर मात्र शुल्क भरलेलं नाही. अनुभवीनं लगेच बटणाकडे बोट नेलं, "परत भर." मी त्याचा हात धरला. दोनदा भरलं की दोन व्यवहार होतात आणि एकाचा परतावा यायला पुढचा भात निघतो. बाहेर पडायचं, थोड्या वेळानं पुन्हा आत यायचं, आणि शुल्काची स्थिती तपासायची. बहुतेक वेळा हिरवी झालेली दिसते. तोवर बँकेचा संदेश आणि व्यवहार क्रमांक कागदावर लिहून ठेवायचा.

बापानं फोन उलटसुलट करून बघितला. "इथनं गेले, तिथं पोचले नाहीत. मग आत्ता आहेत कुठं, गुरुजी?"

"वाटेत," मी म्हणालो. "कान्हे फाट्याच्या पुढं असतील."

त्यानं घड्याळ बघितलं. "मग लोकल मिळेल त्यांना."